‘येणं होणार नाही’ हे कसं लिहावं

वाशीम जिल्ह्यातल्या मंगरुळपीर तालुक्यात आसेगाव आहे. समजा, तिथल्या एका घरी १२ मे रोजी मुलीचं लग्न ठरलं आहे. गावातलं आवतन घरोघरी जाऊन दिलं जातं. ज्या घराला चूलबंद आवतन असतं, त्या घरची चूल त्या दिवशी पेटत नाही, लहानथोर सगळे मांडवात जेवतात. अशा वेळी कोणाला यायचं नसलं, तरी दारात उभ्या असलेल्या माणसाला तो तसं तोंडावर सांगत नाही. ‘हो, येतो ना’ म्हणतो, चहा पाजतो, आणि लग्नाच्या दिवशी घरातल्या एखाद्याला पाठवून वेळ साजरी करतो. बोलण्यात सूर असतो, चेहरा असतो, चहाचा कप असतो. त्यामुळे नकार द्यावा लागला, तरी तो मवाळ होऊन पोचतो.

बाहेरगावी असलेल्यांना मात्र पत्रिकेचा फोटो व्हॉट्सअॅपवर जातो, आणि त्यांना उत्तर लिहावं लागतं. तिथेच माणूस अडतो. एरवी काकाजींशी मोकळेपणानं बोलणारा पुतण्या नकार लिहायला बसला की त्याची भाषा एकदम तहसील कचेरीत जाऊन बसते.

याचं कारण आपल्या रिवाजात आहे. छापील पत्रिकेनं उत्तर कधी मागितलंच नाही. ‘प्रत्यक्ष भेटीत आमंत्रण देता आलं नाही, तरी हेच आमंत्रण समजून यावे’ एवढं छापलं की यजमानाचं काम संपलं. ज्याला जमलं नाही तो गेला नाही. फार तर त्यानं मागाहून पोस्टकार्ड टाकलं किंवा पुढच्या भेटीत आहेर हाती ठेवला. भारतात पोस्टकार्ड १८७९ साली सुरू झालं, आणि पुढची शंभर वर्षं मराठी घरांचा बराचसा पत्रव्यवहार त्याच्यावर चालला. त्या कार्डासाठी ‘शि. सा. न. वि. वि.’पासून ‘लोभ असावा ही विनंती’पर्यंत मायने ठरलेले होते. वडिलांना कसं लिहावं, धाकट्यांना कसं लिहावं, दुःखाची बातमी कशी कळवावी, या सगळ्याचे साचे होते. लग्नाला येता येत नाही हे आधीच कळवण्याचा साचा मात्र त्यात घडला नाही, कारण त्याची गरजच पडत नव्हती.

मग गरज पडली तेव्हा हाताशी काय होतं? शाळेत शिकलेला रजेचा अर्ज. दहावीच्या मराठीच्या पेपरात औपचारिक पत्राला गुण असतात, त्यामुळे ते पत्र आपण घोकून शिकलो. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ सालचा. त्यानंतर सरकारी कामकाज मराठीत येत गेलं तसे ‘सदर’, ‘तथापि’, ‘अपरिहार्य कारणास्तव’, ‘असमर्थ आहे’ हे शब्द रोज डोळ्यांखालून जाऊ लागले. कार्यालयात त्या शब्दांचं काम आहे. तिथे लिहिणारा माणूस बाजूला ठेवून फक्त निर्णय कळवायचा असतो. काकाजींना निरोप पाठवताना नेमकं उलटं हवं असतं. येता येत नाही हे कळवायचं, पण लिहिणारा माणूस बाजूला पडता कामा नये.

आता आपला पुतण्या घेऊ. तो पुण्याजवळ चाकणच्या एका कारखान्यात आहे. नवरी त्याची चुलत बहीण, त्याच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी. काकाजींचा पत्रिकेचा फोटो आला, आणि रात्री त्यानं हे लिहिलं:

‘आदरणीय काकाजी, सप्रेम नमस्कार. आपण पाठविलेले ताईच्या शुभविवाहाचे निमंत्रण प्राप्त झाले. आपण आठवणीने निमंत्रित केल्याबद्दल मी आपला अत्यंत आभारी आहे. तथापि काही अपरिहार्य कारणास्तव सदर मंगलप्रसंगी मी उपस्थित राहू शकत नाही, याबद्दल मी मनःपूर्वक दिलगिरी व्यक्त करतो. कृपया गैरसमज नसावा. नवदाम्पत्यास वैवाहिक जीवनाच्या हार्दिक शुभेच्छा. पुन्हा एकदा क्षमस्व. आपला नम्र.’

यात व्याकरणाची चूक नाही, उद्धटपणा नाही. आदर तर ओसंडून वाहतो आहे. तरी काकाजी हे वाचून क्षणभर थांबतील आणि काकूंना विचारतील, ‘याला राग आला का कशाचा?’ हा मजकूर दुरुस्त करायचा तर प्रत्येक शब्द बदलण्याआधी तो काकाजींच्या डोळ्यांनी वाचायला हवा.

काकाजींच्या मनात त्या आठवड्यात दोन गोष्टी आहेत. एक, कोण येणार आणि किती येणार. आचाऱ्याला अंदाज द्यायचा आहे, बाहेरच्या पाहुण्यांच्या झोपण्याची सोय शेजारच्या घरात करायची आहे, स्टॅंडवर घ्यायला कोणाला पाठवायचं ते ठरवायचं आहे. दुसरी, माणसं आपल्याला धरून आहेत की नाहीत. पुतण्याच्या मजकुरात यातल्या एकाचंही उत्तर नाही. तो येत नाही हे कळलं, पण त्याचे आई-वडील येणार का? ‘मी’ म्हणजे तो एकटा की बायकोसकट? आणि ‘अपरिहार्य कारण’ म्हणजे काय? ज्या घरात आजवर कोणाचं काही लपलं नाही, तिथे हे दोन शब्द दार लावून घेतल्यासारखे वाटतात.

पहिली दुरुस्ती क्रियापदाची. ‘मी उपस्थित राहू शकत नाही’ हे वाक्य मराठीत चुकीचं नाही, पण घरात असं कोणी बोलत नाही. आपण म्हणतो, ‘माझं येणं होणार नाही’, ‘मला जमणार नाही’, ‘या खेपेला येणं होत नाहीये’. मराठीनं ही मोठी सोय करून ठेवली आहे. ‘मी येत नाही’ म्हटलं की न येणं ही माझी मर्जी ठरते. ‘माझं येणं होत नाही’ म्हटलं की परिस्थिती आड आली, मी यायला तयारच होतो, एवढा अर्थ त्या रचनेतच येतो. त्यासाठी वेगळी दिलगिरी लिहावी लागत नाही. ‘होणं’ आणि ‘जमणं’ ही दोन क्रियापदं वापरली तर मजकुरातला निम्मा ताठरपणा तिथेच जातो.

इथे एक धोका आहे. मवाळपणाच्या भरात लोक ‘जमेल असं वाटत नाही’, ‘बघतो, प्रयत्न करतो’, ‘शक्यतो येतोच’ असं लिहितात. लिहिणाऱ्याला वाटतं, थेट नाही म्हटलं नाही, बरं झालं. यजमान मात्र त्याचा अर्थ ‘येतो’ असाच लावतो, कारण त्याला तो यायला हवा आहे. मग पाहुण्यासाठी अंथरूण घातलं जातं, कोणीतरी मोटारसायकल घेऊन स्टॅंडवर थांबतं, आणि रात्री फोन करून विचारावं लागतं. ठरलेलं असेल तर ‘होणार नाही’ हेच लिहावं. शब्द मऊ असावेत, निर्णय पक्का असावा.

दुसरी दुरुस्ती कारणाची, आणि सगळ्यात जास्त मजकूर इथेच बिघडतो. काहीजण कारण लपवतात, काहीजण कारणांची यादी देतात. लपवलेलं कारण परकं वाटतं हे आपण पाहिलं. यादीचं दुखणं वेगळं आहे. ‘कंपनीत काम आहे, शिवाय मुलाची तब्येत बरी नाही, आणि तिकीटही मिळत नाही’ असं लिहिलं की यजमान एकेका कारणावर उपाय शोधू लागतो. तिकीट मिळत नसेल तर गावचाच एकजण गाडी घेऊन येतो आहे, त्याच्यासोबत ये. मुलाला इथे आणा, मंगरुळपीरला डॉक्टर आहेत. तो आग्रह प्रेमाचाच असतो, पण आता दुसऱ्यांदा नाही म्हणावं लागतं, आणि दुसरा नकार पहिल्यापेक्षा जास्त लागतो. म्हणून कारण एकच द्यावं, खरं द्यावं, आणि ज्यावर उपाय निघणार नाही असं द्यावं. आपल्या पुतण्याचं खरं कारण असं आहे की मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात कारखाना दुरुस्तीसाठी बंद असतो आणि त्याच्या विभागाच्या सुट्ट्या तेव्हा रद्द असतात. हे एका ओळीत मावतं, आणि काकाजींना ते पटतं, कारण नोकरीतली सुट्टी आपल्या हातात नसते हे त्यांना ठाऊक आहे.

‘वेळ नाही’ हे कारण मात्र टाळावं. ग्रँट डॉनली आणि अॅश्ली व्हिलन्स हे अमेरिकेतले संशोधक आणि त्यांचे सहकारी यांनी नकाराच्या कारणांचा अभ्यास केला आहे. त्यांना असं आढळलं की पैशाची अडचण सांगणाऱ्यापेक्षा वेळ नाही म्हणणाऱ्याबद्दल समोरच्याला कमी विश्वास वाटतो आणि कमी जवळीक वाटते. पैसा नसणं माणसाच्या हातात नसतं, पण वेळ ज्याचा त्यानं काढायचा असतो, असं आपण धरून चालतो. आपल्याकडे हे आणखी खरं आहे. ‘वेळ नाही’ याचा गावात सरळ अर्थ ‘तुमच्यासाठी नाही’ असा होतो. त्याऐवजी वेळ कशानं अडवला आहे ते सांगावं. ‘१० ते १५ सुट्ट्या बंद आहेत’ यात वेळ नाही हेच सांगितलं आहे, पण दोष सुट्टीकडे गेला.

कारण सांगण्यासारखं नसेल तर? घरात भांडण आहे, पैशाची ओढाताण आहे, किंवा त्या मांडवात ज्याच्याशी बोलणं नाही असा कोणी येणार आहे. तेव्हा ‘घरची थोडी अडचण आहे’ एवढं पुरतं. आपल्या माणसांत हे वाक्य चालतं. ऐकणारा समजून घेतो आणि खोलात जात नाही. ‘अपरिहार्य कारणास्तव’ आणि ‘घरची थोडी अडचण आहे’ या दोन्हींत माहिती सारखीच आहे, म्हणजे जवळजवळ नाहीच. फरक असा की दुसरं वाक्य माणूस बोलतो. खोटं कारण मात्र देऊ नये. लग्नाच्या दिवशी ‘आजारी’ माणसाचा हॉटेलमधला फोटो कोणाच्या तरी स्टेटसवर दिसतोच, आणि मग न येण्याचं नाही, खोटं बोलण्याचं दुःख राहतं.

तिसरी दुरुस्ती दिलगिरीची. मूळ मजकुरात ती तीनदा आली आहे. ‘दिलगिरी व्यक्त करतो’, ‘गैरसमज नसावा’ आणि ‘पुन्हा एकदा क्षमस्व’. गैरसमज नसावा म्हटलं की गैरसमजाला जागा आहे हे आपणच सुचवतो. त्या वाक्याआधी काकाजींच्या मनात तो आलाही नसेल. तीनही काढून टाकावीत आणि त्या जागी खरोखर जे वाटतं ते एकदा लिहावं. ताईचं लग्न चुकतं आहे, तर काय चुकतं आहे? या पुतण्याला सायकल तिनं शिकवली होती. शाळेच्या मैदानावर ती मागून धरून पळायची. मग लिहावं, ‘मला सायकल शिकवणाऱ्या ताईचं लग्न चुकतंय, याची रुखरुख लागून राहील.’ ‘मनःपूर्वक’, ‘हार्दिक’, ‘अत्यंत’ या शब्दांनी जे साधलं नाही ते एका सायकलीनं साधतं. ताईला हे वाचून दाखवलं जाईल आणि ती हसेल. अशी एकच गोष्ट हवी. दोन झाल्या की आठवणींचा लेख होतो आणि नकार त्यात हरवतो.

चौथी गोष्ट संबोधनाची. मूळ मजकुरात काकाजी ‘आपण’ झाले आहेत. घरी त्यांना ‘तुम्ही’ म्हणतो, तर मजकुरातही ‘तुम्ही’च असावं. एरवी ‘तुम्ही’ म्हणणारा पुतण्या अचानक ‘आपण’वर गेला की वाचणाऱ्याला अंतर जाणवतं. ‘आदरणीय’ही नको. ‘काकाजी’ या हाकेतच मान आहे, त्यावर आणखी विशेषण चढवलं की ती हाक सभेतल्या भाषणासारखी होते. बोलीचंही तसंच आहे. काकाजींशी वऱ्हाडीत बोलत असाल तर वऱ्हाडीत लिहायला हरकत नाही. पण आजवर त्यांना प्रमाण मराठीत निरोप लिहीत आला असाल, तर नकाराच्या दिवशीच बोलीचा लळा दाखवू नये. तो ओढून आणलेला दिसतो.

राहिला शेवट. ‘पुन्हा कधीतरी नक्की भेटू’ हे वाक्य कोणालाही पाठवता येतं, म्हणून ते कोणालाच पोचत नाही. भेटीचा शब्द द्यायचा तर दिवस ठरवून द्यावा आणि तो पाळता येईल असाच असावा. पुतण्या दिवाळीत गावी येतोच, म्हणून दिवाळीचं लिहावं. दर वर्षी येत नसेल तर लिहू नये, त्याऐवजी लग्नानंतर फोन करतो म्हणावं आणि करावा.

या सगळ्यानंतर मजकूर असा झाला:

‘काकाजी, नमस्कार. पत्रिका मिळाली, फार आनंद झाला. पण १२ तारखेला माझं येणं होणार नाही. १० ते १५ कंपनीत दुरुस्तीचं काम आहे, सगळ्यांच्या सुट्ट्या बंद आहेत. आई-बाबा ११ तारखेला संध्याकाळी पोचतील. मला सायकल शिकवणाऱ्या ताईचं लग्न चुकतंय, याची रुखरुख लागून राहील. दिवाळीत आलो की ताई-जावईबुवांना भेटून येतो. काकूंना नमस्कार सांगा.’

लांबी पहिल्यापेक्षा फारशी कमी झालेली नाही, आणि ते महत्त्वाचं आहे. आटोपशीर म्हणजे नुसतं कमी शब्दांचं नव्हे. पहिल्या मजकुरातला बराच भाग दुसऱ्या कुठल्याही लग्नाला तसाच पाठवता आला असता. दुसऱ्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ काकाजींना काहीतरी सांगते. न येणं तिसऱ्याच वाक्यात कळतं. आई-बाबांचं येणं कळल्यामुळे आचाऱ्याचा आणि अंथरुणांचा हिशेब लागतो. आणि मजकूर तक्रारीवर किंवा माफीवर न संपता काकूंच्या नमस्कारावर संपतो, आपण घरातून उठताना संपवतो तसा.

यातलं आणखीही काही काढता येतं. घाई असेल तर ‘काकाजी, १२ तारखेला माझं येणं होणार नाही, सुट्ट्या बंद आहेत. आई-बाबा येताहेत. रात्री फोन करतो’ एवढंही पुरेसं आहे, मात्र रात्री फोन व्हायला हवा.

मित्राला लिहायचं असेल तर चाल तीच, कपडे कमी. ‘अरे, १२ ला जमत नाहीये, सुट्टी नाही. लई वाईट वाटतंय. पुढच्या महिन्यात येतो तेव्हा वहिनींच्या हातचं जेवायला बसतो.’ इथे कारण अर्ध्या ओळीचं चालतं, कारण मित्र ते तपासत नाही. आणि कोणी प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं, संस्थेच्या लेटरहेडवर पत्र आलं, तर उत्तर औपचारिकच लिहावं. तिथे ‘उपस्थित राहता येणार नाही, क्षमस्व’ हेच योग्य आहे. सगळीकडे घरगुती होणं हाही अवघडलेपणाच.

आता उलट्या बाजूनं पाहू. आसेगावच्या शेतकऱ्याला पुण्यातल्या भाच्याकडून जूनच्या तिसऱ्या आठवड्यातल्या वास्तुशांतीचं आमंत्रण आलं. इथे सोयाबीन आणि तूर ही खरिपाची मुख्य पिकं. कृषी विभाग दर वर्षी सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, नाहीतर उगवण फसते आणि दुबार पेरणीची पाळी येते. म्हणजे पेरणीचा दिवस माणूस ठरवत नाही, पाऊस ठरवतो. मामा खरोखरच ‘येतो’ही म्हणू शकत नाही आणि ‘येत नाही’ही. मघाशी ‘बघतो’ लिहू नये म्हटलं ते नियम म्हणून घेतलं तर मामा अडकेल. पण त्याच्यासाठी मराठीत एक सुंदर सोय आहे:

‘बाप्पू, घर झालं, लय बरं वाटलं. पेरणीचे दिवस आहेत, पाऊस कधी येईल सांगता येत नाही. मले जेवणात धरू नको. पाऊस लांबला तर अचानक येऊन उभा राहीन. मामीची खणानारळाची पिशवी आत्याच्या हाती पाठवतो.’

‘जेवणात धरू नको’ या तीन शब्दांत यजमानाचा हिशेब मोकळा झाला आणि येण्याची इच्छाही राहिली. अनिश्चित असाल तर हीच चाल वापरावी. आकड्यातून आपण बाहेर पडायचं, घरातून नाही. आणि कारण शेताचं असल्यामुळे भाच्याला ते समजावून सांगावं लागत नाही. त्याच शेतावर तो वाढला आहे.

तेरवीचं मात्र वेगळं आहे. तिथे दुःखात सामील होण्याची हाक असते, त्यामुळे नकाराचा मजकूर शक्यतो पाठवूच नये. आधी फोन करावा. फोन उचलला गेला नाही तरच दोन ओळी लिहाव्यात. ‘दादा, गुरुवारी माझं येणं होत नाहीये. रविवारी घरी येतो, वहिनीला सांग.’ कारण लिहिलं नाही तरी चालतं, कारण दुःखाच्या घरी आपल्या अडचणी मोजून दाखवणं बरं दिसत नाही. मात्र रविवारी जायलाच हवं. अनुपस्थितीच्या मोबदल्यात दिलेली तारीख तिथे मोडली तर वर्षानुवर्षं लक्षात राहते.

एरवी फोन आधी की मजकूर आधी? माझं मत असं आहे की सख्ख्या आणि चुलत नात्यात वडीलधाऱ्यांना आधी फोन करावा आणि मग मजकूर पाठवावा. फोनवर भावना पोचते, मजकुरात तारीख आणि माणसांची संख्या राहते, आणि लग्नघराच्या धावपळीत काकाजींना ती नंतर पाहता येते. मजकूर मात्र त्यांना एकट्याला पाठवावा. कुटुंबाच्या ग्रुपवर पत्रिका आली आणि खाली चाळीस जणांनी अभिनंदन लिहिलं, त्यात आपलं ‘येणं होणार नाही’ टाकलं तर दोन गोष्टी बिघडतात. आनंदाच्या रांगेत ते खटकतं, आणि त्या पाठोपाठ आणखी दोघा-तिघांना न येण्याचं धैर्य येतं. ग्रुपवर अभिनंदन करावं, नकार खासगीत द्यावा. नुसतं हात जोडल्याचं चित्र पाठवणं तर सगळ्यात वाईट. त्याचा अर्थ ‘येतो’, ‘मिळालं’ आणि ‘माफ करा’ असा तिन्ही होतो, आणि काकाजी त्यातला ‘येतो’ घेतात.

नकाराला आपण जितकं घाबरतो तितकं घाबरण्याचं कारण नाही, हेही सांगायला हवं. जुलियन गिवी आणि कॉलीन कर्क या अमेरिकेतल्या दोघा संशोधकांचा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. त्यांनी आमंत्रण नाकारणाऱ्यांना आणि ज्यांचं आमंत्रण नाकारलं गेलं त्यांना वेगवेगळं विचारलं. नाकारणाऱ्यांना वाटत होतं की यजमान रागावला असेल, पुढे बोलावणार नाही. यजमानांना तितका राग आलेला नव्हता. नाकारणारा फक्त ‘नाही’ हा शब्द पाहतो, आणि यजमान त्यामागे माणसानं केलेला विचार पाहतो, असं त्यांचं स्पष्टीकरण. हा अभ्यास आपल्याकडच्या लग्नांचा नाही, आणि चुलत बहिणीचं लग्न ही सिनेमाला चला म्हणण्यासारखी गोष्टही नाही. सख्ख्या नात्यात न येणं लागतंच. तरी त्यातून एक गोष्ट कामी येते. मूळ मजकुरातल्या तीन दिलगिऱ्या त्या वाढवलेल्या भीतीपोटी आल्या होत्या. भीती कमी झाली की शब्द आपोआप कमी होतात.

पाठवण्याआधी मजकूर एकदा मोठ्यानं वाचावा, आणि वाचताना काकाजी समोर बसले आहेत असं धरावं. जिथे जीभ अडखळते तो शब्द तुमचा नाही. ‘सदर’, ‘तथापि’, ‘प्राप्त’ तिथेच अडखळतात. दुसरी तपासणी याहून सोपी आहे. मजकुरातलं संबोधन बदलून तोच दुसऱ्या कोणाला पाठवता येतो का ते पाहावं. येत असेल तर त्यात अजून एक खरी गोष्ट घालायची राहिली आहे.

आणि उशीर करू नका. पत्रिका आली त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कळवा. आचाऱ्याची यादी, अंथरुणं आणि गाड्या लग्नाच्या काही दिवस आधीच ठरतात. त्यानंतर आलेला नकार कितीही गोड लिहिला, तरी काकूंना तो कामाचा नाही.